‘नवीन गॅस भरलाय’ म्हणतात, तो फ्रिज घेऊ का?

काकू, मी निपाणीची. लग्नानंतर आम्ही दोघं बेळगावात आलोय. अनगोळला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात, ह्यांचं काम उद्यमबागेत आहे. डिपॉझिट भरून हातात 20,000 राहिलेत, त्यात फ्रिज, पलंग आणि कपाट बसवायचंय. फ्रिज दोन बघून ठेवलेत. एक जुन्या सामानाच्या दुकानातला, 190 लिटर, 6,500 रुपये. नवीन गॅस भरलाय, तीन महिने गॅरंटी, असं दुकानदार सांगतात. दुसरा टिळकवाडीतल्या एका बदली झालेल्या कुटुंबाचा, तेवढाच मोठा, 2018 चा, 5,000 रुपये. त्याला गॅरंटी काही नाही. शिवाय नेटवर एक मिलिटरीवाले घरातलं सगळं सामान 11,000 ला देतायत, पण 2,000 आधी पाठवा म्हणतात. कुठलं घेऊ?

— एक नवी बेळगावकरीण

अगं, त्या मिलिटरीवाल्याला एक रुपयाही पाठवू नकोस. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते. दोन फ्रिजमध्ये माझं मत टिळकवाडीच्या बाजूनं आहे, पण मी सांगते तसा तपासून बघितल्यावरच. दुकानातला फ्रिज मला पटत नाही, आणि त्याचं कारण दुकानदारानं स्वतःच तुला सांगितलंय.

फ्रिजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरतो आणि फ्रिज चालेल तितकी वर्षं तेवढाच राहतो. मग नवीन भरावा का लागला? आधीचा कुठून तरी गळाला म्हणून. ती गळती शोधून, डाग देऊन, नळ्यांतली हवा पंपानं ओढून मग गॅस भरला असेल तर काम पक्कं झालं. पण तेवढं करायला वेळ जातो आणि खर्चही येतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी गळती तशीच ठेवून वरून गॅस सोडतात. असा फ्रिज दुकानात उत्तम गार होतो. छिद्र बारीक असेल तर तीन-चार महिने चालतो आणि मग हळूहळू ढिला पडतो. तोवर गॅरंटी संपलेली असते. त्या दुकानदाराबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो चांगला कारागीर असूही शकेल. पण गळती कुठं होती आणि ती कशी बंद केली, हे त्याला विचार. खरं काम केलेला माणूस बोट ठेवून जागा दाखवतो. “आता काही प्रॉब्लेम नाही, घेऊन जावा” एवढंच उत्तर आलं तर तिथून निघ.

आता टिळकवाडीचा फ्रिज. फोन करून आधी एकच विनंती कर: आम्ही यायच्या चार-पाच तास आधी फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा म्हणावं. बदलीवाल्या घरात सामान आवरणं चालूच असतं, त्यामुळं कुणी नाही म्हणत नाही. चालू फ्रिज बघण्यात अर्थ नसतो. तो आधीच गार असतो, आणि गार व्हायला किती वेळ लागला हे तुला कळत नाही. दिवसाउजेडी जा, दोन तास हातात ठेवून जा, आणि तुझ्या ह्यांना सोबत ने.

पोचल्यावर सुरू करायच्या आधी फ्रिज भिंतीपासून पुढं ओढायला सांग आणि मागच्या बाजूला खाली बघ. तिथं काळा गोल डबा दिसेल, तो कॉम्प्रेसर. त्यातून दोन-तीन नळ्या निघतात. त्यांतली एक वीतभर लांबीची असते, ती कुठंच जात नाही, तिचं टोक चिमटून बंद केलेलं असतं. कंपनीतून आलेलं टोक चपटं आणि स्वच्छ असतं. त्या टोकावर पितळी टोपण बसवलेलं असेल, किंवा जोडाभोवती जळून काळं झालं असेल, तर ह्या फ्रिजमध्ये कधीतरी गॅस भरलेला आहे. घरवाले “कधी हातच लावला नाही” म्हणत असतील आणि टोपण दिसत असेल, तर शांतपणे विचार. कधी कधी त्यांनाही आठवत नसतं. जोडांजवळ तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर गळती अजून चालू असण्याची शक्यता मोठी.

मग फ्रिज चालू करा, बटण मधल्या आकड्यावर ठेवा आणि कान द्या. चांगला कॉम्प्रेसर एका दमात सुरू होतो आणि बारीक घरघर धरतो. ‘हूंऽऽ’ करून काही सेकंदांत ‘टक्’ आवाज येऊन बंद पडला, आणि थोड्या वेळानं परत तसंच झालं, तर त्याला सुरू व्हायला त्रास होतोय. फक्त कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग, म्हणजे रिले, गेला असेल तर तो काही शे रुपयांत बदलतो, कॉम्प्रेसर दमला असेल तर खर्च हजारांत जातो. बाहेरून दोन्हींतला फरक आपल्याला कळत नाही, म्हणून असा फ्रिज सोडून द्यायचा. एक काळजी मात्र घे: चालू फ्रिज बंद करून लगेच परत चालू केला तर चांगला कॉम्प्रेसरसुद्धा असाच अडतो. मध्ये पाच मिनिटं जाऊ दे.

दहा-पंधरा मिनिटांनी मागच्या काळ्या जाळीला हात लाव. जाळी नसेल तर दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना लाव, हल्लीच्या पुष्कळ फ्रिजांत ती पत्र्याच्या आत असते. तिथं ऊब लागली पाहिजे, कारण आतली उष्णता तिथून बाहेर पडते. कॉम्प्रेसर चालतोय पण जाळी थंडगार, असं असेल तर आत गॅस फिरत नाही.

अर्ध्या-पाऊण तासानं वरचा बर्फाचा कप्पा उघड. सगळ्यात जास्त तिथं कळतं, म्हणून घाई करू नकोस. तुझ्या बजेटमधला एकदारी साधा फ्रिज असेल तर कप्प्याच्या पत्र्यावर पांढरी हिमाची साय दिसायला लागलेली असते. ती तळ, बाजू, वर अशी सगळीकडं सारखी यायला हवी. बोट ओलं करून चारी बाजूंनी टेकवून बघ, सगळीकडं चिकटल्यासारखं झालं पाहिजे. एकाच कोपऱ्यात जाड बर्फ आणि बाकी पत्रा नुसता गार, अशी स्थिती असेल तर गॅस कमी आहे किंवा बारीक नळी तुंबली आहे. पुष्कळ लोक ह्या एका कोपऱ्यातल्या बर्फाला हात लावून “गार होतोय की” म्हणतात आणि पैसे मोजतात. त्याच पत्र्यावर सुरीचे किंवा स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे आहेत का तेही बघ. साठलेला बर्फ टोकरून काढताना पत्र्याला भोक पडलं की गॅस तिथूनच जातो, आणि तिथं दिलेला डाग फार काळ टिकत नाही. काही लोक त्यावर पांढरी लांबी लावून झाकतात, ती बोटाला उंचवट्यासारखी लागते.

कप्पा गार होतोय तोवर दाराचं रबर तपास. एक नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर धरून दार लाव आणि ओढ. ती अडखळत, ओढ देत निघाली तर रबर चांगलं. सहज घसरून आली तर तिथून गार हवा बाहेर जाते. वर, खाली आणि बिजागरीच्या बाजूला, सगळीकडं हे कर. खराब रबर हा फ्रिज नाकारायचा मुद्दा नाही, नवीन बसवून मिळतं. पण त्याचे 700-800 रुपये किमतीतून कमी करायला सांगायचं.

शेवटची गोष्ट म्हणजे वाट बघणं. रिकामा फ्रिज मधल्या आकड्यावर असेल तर तास-दोन तासांत कॉम्प्रेसर आपोआप थांबायला हवा. थांबला म्हणजे गारवा पुरेसा झाला आणि तो ओळखणारा भागही शाबूत आहे. दोन तासांत थांबलाच नाही तर बाहेरून कितीही चकचकीत असला तरी घेऊ नकोस. तेवढा वेळ तिथं बसायचं अवघड वाटत असेल तर पलंग, कपाट, शेगडी, जे काही विकायला काढलंय ते बघून घे. माझा भाऊ ह्याच दुरुस्तीच्या कामात आहे. वीज मोजायचा चिमटा लावून तो पाच मिनिटांत ह्यातलं बरंच सांगतो. तुझ्या ओळखीत असा कुणी मेकॅनिक असेल तर 200-300 रुपये देऊन सोबत ने, ते पैसे वाया जात नाहीत. मात्र सगळं नीट निघालं तरी कॉम्प्रेसर अजून किती वर्षं चालेल हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून किंमत त्या हिशेबानंच द्यायची.

किमतीचं मी असं धरते. एवढा नवा एकदारी फ्रिज साधारण 15,000 च्या आसपास येतो. सात-आठ वर्षं वापरलेला घेताना किंमत, गाडीभाडं, हमाली आणि लगेच करायची दुरुस्ती मिळून नव्याच्या 40 टक्क्यांच्या वर जायचं नाही, म्हणजे 6,000. टिळकवाडीहून अनगोळ जवळच आहे. छोटा हत्ती आणि वर चढवायला माणूस मिळून 800 धर. रबर बदलायचं निघालं तर आणखी 800. म्हणजे फ्रिजला तू जास्तीत जास्त 4,400 देऊ शकतेस. रबर चांगलं निघालं तर 5,000 लाही हरकत नाही. दुकानातल्या फ्रिजला 6,500 अधिक वाहतूक धर, हा हिशेब तिथं बसतच नाही. सौदा करताना “कमी करा” एवढंच न म्हणता कारण दाखव: रबर इथं ढिलं आहे, खालचा पत्रा गंजलाय. घरवाले कन्नड बोलणारे असतील तर तुझ्या ह्यांना “स्वल्प कडिमे माड्री” एवढं म्हणता येतंच असेल. बदलीवाल्यांना गाडीची तारीख ठरलेली असते. ती जवळ आली की माणूस किमतीला अडून बसत नाही, फक्त फ्रिज त्या तारखेपर्यंत त्यांना वापरू दे. पैसे दिल्यावर साध्या कागदावर फ्रिजचा सिरीयल नंबर, रक्कम, तारीख आणि त्यांची सही घे.

आणताना फ्रिज उभाच आणायचा. आडवा घातला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. रस्त्यात आडवा करावाच लागला तर घरी उभा ठेवून रात्रभर थांब आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालू कर. भिंतीपासून चार बोटं अंतर सोड.

लाईट बिलाचा विचार आत्ताच कर, कारण इथं तो निपाणीसारखाच गृहज्योती ह्या सरकारी मोफत विजेच्या योजनेशी जोडलेला आहे. धडधाकट एकदारी फ्रिज महिन्याला 20 युनिटच्या आसपास घेतो. त्याच्यावरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्याला 12 नं भागून बघ. पण गॅस कमी असलेला फ्रिज थांबतच नाही. 100 वॉटचा कॉम्प्रेसर दिवसरात्र चालला तर महिन्याला 72 युनिट होतात. गृहज्योतीत घराच्या आधीच्या वापरावर मोफत युनिट ठरलेले असतात, त्याच्या वर गेलं की वरच्या युनिटचे पैसे भरावे लागतात, आणि 200 च्या वर गेलं तर सगळंच बिल भरावं लागतं. तेव्हा घरमालकाकडून जुनं हेस्कॉमचं बिल मागून घे आणि त्यावरचा आरआर नंबर बघ. भाडेकरूलाही ही सवलत मिळते, मात्र त्या नंबरला आधीच्या भाडेकरूचं आधार जोडलेलं असेल तर ते काढून तुमचं जोडावं लागतं. हे पहिल्याच महिन्यात उरकून टाक.

पलंग आणि कपाटाचं थोडक्यात सांगते. बेळगावचा पाऊस तुला ठाऊक आहे, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. भुशाच्या दाबलेल्या फळीचं, वर चकचकीत कागद चिकटवलेलं फर्निचर स्वस्तात मिळतं, पण खालच्या कडा पाणी पिऊन फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. कपाट लोखंडीच घे. 3,000-3,500 पर्यंत बरं मिळतं. चारी पायांखाली आणि तळाच्या पत्र्यावर गंज किती आहे ते वाकून बघ, दार झुलतंय का बघ आणि दोन्ही किल्ल्या मागून घे. पलंग भरीव लाकडाचा असेल तर जुना असला तरी चालतो, पण दोन गोष्टी बघितल्याशिवाय घरात आणू नकोस. पहिली, टाचणीएवढी भोकं आणि त्याखाली पिठासारखा भुसा. बोटानं टिचकी मारल्यावर ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. दुसरी ढेकूण. डोक्याकडच्या फळीच्या खाचा, स्क्रूची भोकं आणि फळ्यांचे सांधे टॉर्चनं बघ. शाईच्या टिंबांसारखे काळे डाग ओळीनं दिसले तर पलंग फुकट मिळाला तरी नको. दोन खोल्यांच्या घरात एकदा शिरलेला ढेकूण काढायला पलंगाच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. ह्याच कारणासाठी गादी आणि उशा कधीही जुन्या घेऊ नयेत.

आता तो मिलिटरीवाला. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कॅम्प आहे, सांबऱ्याला हवाई दल आहे. तिथल्या कुटुंबांच्या बदल्या खरोखर होतात आणि त्यांचं सामान नीट वापरलेलं असतं. हे इथं सगळ्यांना माहीत असल्यामुळंच फसवणारे लोक लष्करी जवानाचं सोंग घेतात. ओळखपत्राचा फोटो पाठवतात, गणवेशातला फोटो लावतात, “कॅन्टीनच्या गाडीनं सामान घरपोच येईल, गेटपासचे पैसे तेवढे पाठवा” म्हणतात. ते 2,000 गेले की मग विमा, मग परतावा, असं एकामागून एक निघतं. परतावा देतो म्हणून क्यूआर कोड पाठवतात आणि स्कॅन करायला सांगतात. पैसे घेण्यासाठी कधीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. तुझ्या बाबतीत पहिली खूण किंमतच आहे. फ्रिज, पलंग, कपाट, वॉशिंग मशीन सगळं 11,000 ला कुणी देत नाही. दुसरी खूण, सामान बघायला येऊ का म्हटल्यावर तो काय उत्तर देतो. खरा माणूस घराचा पत्ता देतो, किंवा कॅम्पात आत सोडत नसतील तर गेटवर येऊन भेटतो. पैसे त्याच्या हातात, वस्तू समोर असतानाच द्यायचे. चुकून पाठवलेच असतील तर लगेच 1930 ह्या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदव. जितक्या लवकर कळवशील तितकी ते पैसे बँकेत अडकवून ठेवायची शक्यता जास्त.

तुझ्या 20,000 चा माझा हिशेब असा निघतो: फ्रिज घरात येईपर्यंत 6,000, कपाट 3,500, पलंग 3,000, आणि दोघांसाठी नवीन कापसाची गादी, उशा मिळून 4,000. पलंग-कपाट एकाच गाडीत आणलंस तर वाहतुकीला 1,000 पुरतात. उरलेल्या अडीच हजारांतून आधी इलेक्ट्रिशियन बोलावून फ्रिजच्या प्लगला अर्थिंग आहे का ते तपासून घे, जुन्या घरांत पुष्कळदा नसतं. वॉशिंग मशीन आत्ता घेऊ नकोस. मे-जूनमध्ये कॉलेजची मुलं खोल्या सोडतात आणि बदल्याही त्याच सुमाराला होतात. तेव्हा टिळकवाडी, हिंदवाडी, सदाशिवनगर भागात बरंच सामान निघतं आणि किमतीही उतरतात.